साधी सरासरी की भारित सरासरी? महिन्याचा युरोचा दर काढताना

समजा, नाशिकच्या एका द्राक्ष निर्यातदाराच्या खात्यात मार्चमध्ये युरोच्या चार रकमा आल्या. सुरुवातीच्या तीन छोट्या होत्या आणि कंटेनरची मोठी बाकी महिनाअखेर आली. दर सोयीसाठी ठरवले आहेत:

| तारीख | युरो | दर (₹) | रुपये |
|---|---|---|---|
| ५ | २,००० | ९०.०० | १,८०,००० |
| १२ | १,००० | ९०.५० | ९०,५०० |
| २० | १,००० | ९१.५० | ९१,५०० |
| २८ | १६,००० | ९२.०० | १४,७२,००० |
| एकूण | २०,००० | | १८,३४,००० |

चार दरांची बेरीज ३६४. तिला चाराने भागलं की ९१.०० ही साधी सरासरी मिळते. यात २८ तारखेच्या सोळा हजारांना आणि १२ तारखेच्या एक हजाराला सारखंच वजन मिळतं. भारित सरासरीत आधी प्रत्येक रक्कम तिच्या दराने गुणायची आणि एकूण रुपयांना एकूण युरोंनी भागायचं: १८,३४,००० ÷ २०,००० = ९१.७०.

आता ९१.०० ने २०,००० युरो गुणून पाहा. उत्तर येतं १८,२०,०००. बँकेत मात्र १८,३४,००० जमा आहेत. हे १४,००० रुपये विनिमय नफा म्हणून दाखवले जाण्याचा धोका असतो, आणि तो नफा झालेलाच नाही. फक्त सरासरी चुकली आहे. म्हणून माझी पहिली तपासणी हीच असते: सरासरी दर गुणिले एकूण परकीय चलन, हे प्रत्यक्ष रुपयांशी जुळलंच पाहिजे.

स्प्रेडशीटमध्ये B स्तंभात युरो आणि C मध्ये दर असतील, तर:

```
=AVERAGE(C2:C5)
=SUMPRODUCT(B2:B5,C2:C5)/SUM(B2:B5)
```

वजन युरोंचंच द्यायचं, रुपयांचं नाही. आणखी एक चूक सर्रास होते, ती म्हणजे दोन पंधरवड्यांचे भारित दर काढून त्यांची पुन्हा साधी सरासरी घेणे. इथे पहिल्या दोन रकमांचा भारित दर ९०.१७ आणि नंतरच्या दोनांचा ९१.९७ येतो, त्यांची सरासरी ९१.०७, म्हणजे सोळा हजारांचं वजन पुन्हा हरवलं. पंधरवड्यांचे युरो आणि रुपये वेगवेगळे बेरजेत घ्यावेत, भागाकार शेवटी एकदाच करावा.

साध्या सरासरीलाही तिची जागा आहे. सगळ्या रकमा सारख्या असतील तर दोन्ही उत्तरं एकच येतात. परदेशातल्या कार्यालयाचा खर्च महिनाभर रोज थोडा थोडा होत असेल, तर रोजच्या संदर्भ दरांची साधी सरासरी पुरते. मात्र ती कामकाजाच्या सगळ्या दिवसांची हवी, व्यवहार झाले तेवढ्याच चार दिवसांची नव्हे. लेखामानकं अशा मासिक सरासरीला व्यवहाराच्या दिवसाच्या दराचा जवळचा पर्याय म्हणूनच परवानगी देतात. दर फार हलले असतील तर तीही चालत नाही. मग प्रत्येक नोंद त्या त्या तारखेच्या दरानेच करावी लागते.