व्यंजनद्वित्व

व्यंजनद्वित्व : एकाच व्यंजनाचा उच्चार लांबवल्याने होणारा दीर्घ व्यंजनध्वनी. त्यालाच ‘द्वित्त’ असेही म्हणतात. ‘कला’ व ‘कल्ला’, ‘पती’ व ‘पत्ती’ या जोड्यांत अर्थ बदलतो तो या लांबीमुळेच.

देवनागरीत द्वित्व दोन वर्णांनी लिहिले जाते. मुखात मात्र क्रिया एकच घडते. ‘पत्ती’ म्हणताना जीभ दातांना एकदा टेकते, तेथेच थांबते आणि एकदाच सुटते. हा अडवणुकीचा काळ साध्या व्यंजनाच्या साधारण दीडपट ते तिप्पट असतो. प्रमाण भाषेनुसार बदलते. आधीच्या स्वरावरून द्वित्व ओळखावे, तर तेही सर्वत्र जमत नाही. इटालियनमध्ये द्वित्वापूर्वीचा स्वर आखूड होतो, जपानीत उलट किंचित लांबतो. मोकळीक एकच असल्याने महाप्राणत्वही एकदाच, शेवटी, ऐकू येते. म्हणून प्राकृतात ‘हत्थ’ आहे, ‘हथ्थ’ नाही.

खरा प्रश्न उभा राहतो तो दोन स्वतंत्र सारखी व्यंजने शेजारी आल्यावर. मराठीतच याचा चोख नमुना सापडतो. ‘कलणे’ (झुकणे) या धातूचे भूतकाळी रूप ‘कलला’. यातला मधला अकार बोलण्यात गळतो आणि धातूचा ल् प्रत्ययाच्या ल-ला भिडतो. भरभर बोलताना ‘कलला’ आणि ‘कल्ला’ कानाला जवळजवळ सारखेच लागतात. तरी भेद संपत नाही. ‘कलतो’, ‘कलून’ या रूपांत पहिला ल् एकटा राहतो, म्हणजे तो धातूचा. ‘कल्ला’मधला दीर्घ ल् मात्र कुठल्याच रूपात फुटत नाही. पद्यात तर गळलेला अकार परत येतो : ‘कलला’ म्हणजे लघु-लघु-गुरू, ‘कल्ला’ म्हणजे दोन गुरू. मात्रा दोहोंत चारच, पण अक्षरे तीन आणि दोन. अक्षरगणवृत्तात एकाच्या जागी दुसरा चालणार नाही.

आधुनिक ध्वनिविचारात ‘कल्ला’सारख्या प्रकाराला ‘खरे’ आणि ‘कलला’सारख्याला ‘आभासी’ द्वित्व म्हणण्याची पद्धत आहे. खरे द्वित्व म्हणजे काळाच्या दोन जागा व्यापणारा एकच ध्वनी, ही मांडणी 1970 नंतरच्या अभ्यासातून पुढे आली आणि 1986 मध्ये ब्रूस हेज, तसेच शाइन व स्टेरियाडे यांनी तिचा विस्तार केला. तिचा मोठा आधार पॅलेस्टिनी अरबीचा. तेथे शब्दान्ती दोन व्यंजने आली की मध्ये स्वर घुसतो : ‘अक्ल’ (अन्न) याचे ‘अकिल’ होते. ‘इम्म’ (आई) मात्र ‘इमिम’ होत नाही, कारण फोडायला तेथे दोन ध्वनीच नाहीत. उलट ‘फुत्’ला प्रथमपुरुषी ‘त्’ जोडून होणारे ‘फुत्त्’ (मी आत गेलो) ‘फुतित’ असे फुटू शकते. कानाला सारखे वाटणारे दोन ध्वनी नियमापुढे असे वेगळे पडतात. केवळ कालमापनावर विसंबणाऱ्या मतापेक्षा ही कसोटी अधिक भरवशाची वाटते.

संस्कृत व्याकरणातील द्वित्वाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. पाणिनी (बहुधा इ. स. पू. पाचवे-चौथे शतक) ‘अनचि च’ (8.4.47) या सूत्राने स्वरानंतरच्या आणि पुढे स्वर नसलेल्या व्यंजनाला विकल्पाने द्वित्व सांगतो, त्यामुळे ‘पुत्र’चे ‘पुत्त्र’ होते. लगेच पुढचे सूत्र शिवीतील एका विशिष्ट प्रयोगात ‘पुत्र’ शब्दाला हे द्वित्व नाकारते. इतका बारीक अपवाद नोंदवावा लागला, त्यावरून इतरत्र तो उच्चार कानी पडत असावा. शाकल्य या प्राचीन आचार्याला मात्र द्वित्व कोठेच मान्य नाही (8.4.51). या द्वित्वाने अर्थ बदलत नाही. जोडाक्षराच्या आधी अक्षर तुटताना पहिले व्यंजन दोन्हीकडे पसरते, त्याचीच ही नोंद असावी, हे मत अधिक पटते. ‘महत्त्व’ची गोष्ट निराळी. तेथे ‘महत्’ आणि ‘त्व’ असे दोन घटक असून दोन्ही त मुळातले आहेत. व्यंजनापूर्वी ‘त्त्व’ आणि ‘त्व’ यांतला फरक कानाला पकडता येत नाही, म्हणूनच ‘महत्व’ हे चुकीचे लेखन इतके रुळले.

प्राकृतात भिन्न व्यंजने एकरूप होऊन द्वित्वे झाली : सप्त–सत्त, कर्म–कम्म. मराठीने ती पुढे सैल केली व आधीचा स्वर लांबवला (सात, काम). पंजाबीने ‘सत्त’, ‘कम्म’ टिकवले. हा पहिला बदल नेमका केव्हा झाला हे लेखांवरून ठरवणे कठीण, कारण अशोककालीन ब्राह्मीत स्पर्शव्यंजनांचे द्वित्व एकेरीच लिहीत. अनुनासिकाच्या बाबतीत मात्र ‘धंम’ असा अनुस्वार भेटतो आणि दीर्घ म् ची खूण राहते.