चालू खर्च लेखांकन (करंट कॉस्ट अकाउंटिंग)

महागाईच्या काळात जुन्या खरेदी किमतीवर ठेवलेले हिशेब नफा फुगवून दाखवतात, तो फुगवटा काढायला तयार झालेली पद्धत. यात वस्तू घेतली तेव्हा काय पडलं हे न बघता ती वापरली किंवा विकली त्या दिवशी तिच्या जागी तशीच दुसरी आणायला काय पडेल ते खर्चात धरतात. ब्रिटनमध्ये साधारण १९७५ ते १९८५ हा तिचा जोराचा काळ.

मूळ किमतीचे हिशेब कुठे फसतात

नेहमीच्या हिशेबात विक्री आजच्या पैशात येते आणि तिच्यासमोर वजा होणारा माल आणि घसारा मात्र जुन्या पैशात असतो, दोन्हीकडे आकडा एकाच चलनात लिहिलेला असल्यामुळे ही गोष्ट डोळ्यात भरत नाही. एक धंदा धरू. मालकाचे ६०,००० आणि कर्जाचे ४०,०००, त्यातून ५०,००० चं मशीन (आयुष्य ५ वर्षं) आणि ५० च्या दराने १,००० नग माल. वर्षात सगळा माल ८० ने रोखीत विकला, म्हणजे ८०,००० आले. माल ५०,०००, घसारा १०,०००, इतर खर्च २,००० आणि व्याज ४,००० वजा केलं की नफा १४,०००. (कर बाजूला ठेवू.)

आता हा सगळा नफा मालकाने काढून घेतला तर हातात ६०,००० उरतात. पण विक्रीच्या वेळी तोच नग ५८ ला झालाय आणि तसंच नवं मशीन ६०,००० ला मिळतंय. तेवढाच माल परत भरायला ५८,००० लागणार आणि मशीनसाठी वर्षाचे १२,००० बाजूला पडायला हवेत, एकूण ७०,०००. म्हणजे १०,००० कमी पडतात आणि ते कमी का पडले हे ताळेबंदात कुठेच दिसत नाही, उलट तिथे भांडवल जसंच्या तसं ६०,००० दिसतं! वाढलेला नफा भागिले जुन्या किमतीची मालमत्ता असं केल्यामुळे परताव्याचा टक्काही छान दिसतो, आणि मशीनं जितकी जुनी तितका जास्त छान, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना करताना ही चूक जास्त महागात पडते.

चार दुरुस्त्या

ब्रिटनच्या एसएसएपी १६ या लेखांकनाच्या मानकात (मार्च १९८०) नफ्याला चार दुरुस्त्या होत्या. पहिली विकलेल्या मालाची, वरच्या धंद्यात ८,०००. दुसरी घसाऱ्याची, २,०००. तिसरी उधारीतल्या खेळत्या भांडवलाची: गिऱ्हाइकांकडे पैसे अडकले असतील तर भाव वाढले की तेवढ्याच मालाच्या उधारीला जास्त पैसा लागतो, आणि पुरवठादारांची उधारी त्यातला काही भार उचलते. आपल्या उदाहरणात सगळं रोखीत आहे म्हणून ती शून्य. व्याजाआधीचा १८,००० नफा असा ८,००० वर येतो.

चौथी दुरुस्ती म्हणजे गिअरिंग, म्हणजे धंद्यातल्या कर्जाच्या वाट्याची, आणि खरी भांडणं इथेच झाली. युक्तिवाद असा की धंद्यातला ४० टक्के पैसा सावकाराचा आहे, पुढेही त्याच प्रमाणात कर्ज मिळत राहील, मग वाढीव १०,००० चा सगळा बोजा मालकावर का? म्हणून १०,००० चे ४० टक्के म्हणजे ४,००० परत जमा करायचे. ते वरच्या ८,००० मध्ये मिळवून व्याजाचे ४,००० वजा केले की मालकाचा नफा ८,०००. ताळा बघा: मालकाने १४,००० ऐवजी ८,००० च उचलले तर ६,००० धंद्यात राहतात, ४,००० नवं कर्ज घेतलं की कमी पडणारे १०,००० बरोबर भरून निघतात. विरोधक विचारायचे, ते कर्ज मिळेलच कशावरून? प्रश्न रास्त होता. पैशाची अडचण असलेल्या कंपनीलाच कर्ज जास्त असतं, तिलाच ही दुरुस्ती जास्त नफा दाखवते आणि तिलाच पुढचं कर्ज मिळणं अवघड.

घसाऱ्यातली एक खोच बऱ्याच पुस्तकांत उरकून टाकलेली असते. दुसऱ्या वर्षी मशीन ७०,००० ला झालं तर त्या वर्षीचा घसारा १४,०००, पहिल्या वर्षीचे १२,००० धरून २६,०००. पण दोन वर्षांचा आजच्या दराने घसारा २८,००० हवा. राहिलेले २,००० हा मागचा अनुशेष. तो नफ्यातून न कापता चालू खर्च राखीव निधीतून, म्हणजे मालमत्तेची वाढलेली किंमत जिथे जमा दाखवतात त्या खात्यातून, वळता करतात. म्हणजे दरवर्षी आजच्या दराने घसारा कापला तरी शेवटी नव्या मशीनचे पूर्ण पैसे जमतीलच असं नाही.

ताळेबंदात मालमत्ता ‘धंद्याला असलेल्या किमती’ने येते. सहसा ती बदली किंमत असते, पण ती वस्तू विकून किंवा वापरून तेवढे पैसे सुटणारच नसतील तर जे सुटतील तेवढेच धरायचे.

उगम

बदली किमतीवर नफा मोजायची कल्पना पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईत रुजली असं साधारण मानतात. जर्मनीत फ्रिट्झ श्मिटने १९२१ च्या आपल्या पुस्तकात नुसत्या भाववाढीतून दिसणारा फायदा नफा नव्हेच असं मांडलं. त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये थिओडोर लिम्पेर्ग (अॅमस्टरडॅमला १९२२ पासून प्राध्यापक) जवळपास तेच शिकवत होता. कोणी कोणाकडून घेतलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. लिम्पेर्गची व्याख्यानं पुस्तकरूपात त्याच्या मृत्यूनंतर (१९६१) आली, त्यामुळे तारखा लावणं कठीण जातं. दोघांची वाट वेगळी दिसते, श्मिट महागाईतल्या खोट्या नफ्यापासून सुरू करतो तर लिम्पेर्ग मूल्याच्या सिद्धांतापासून, म्हणून दोघं स्वतंत्रपणे तिथे पोचले हे मत जास्त पटण्यासारखं आहे. व्यवहारात फिलिप्स कंपनीने १९५० च्या दशकात ही पद्धत राबवली, तिचं उदाहरण नेहमी देतात.

ब्रिटनमधला प्रयोग आणि माघार

१९७४ मध्ये ब्रिटनच्या लेखापाल संस्थांनी वेगळाच उपाय सुचवला होता, सगळे आकडे सर्वसाधारण किंमत निर्देशांकाने फिरवायचे. त्यात कर्जबाजारी कंपन्यांना ‘कर्जाची किंमत घटली’ म्हणून मोठा नफा दिसायचा, हातात मात्र दमडी नसायची. सरकारने नेमलेल्या सँडिलँड्स समितीने सप्टेंबर १९७५ च्या अहवालात तो बाजूला सारून चालू खर्चाची शिफारस केली. ब्रिटनची महागाई तेव्हा वर्षाला २५ टक्क्यांच्या वर होती. समितीने पैशाच्या येण्यादेण्याला हात लावला नव्हता, गिअरिंग दुरुस्ती नंतर १९७७ च्या हाइड मार्गदर्शक सूचनांत आली. मधे जुलै १९७७ मध्ये इंग्लंड-वेल्सच्या चार्टर्ड अकाउंटंट्सनी सक्ती नको असं मतदान करून चालू खर्चाच्या मानकाचा मसुदाच अडवला, आणि शेवटी १९८० मध्ये शेअर बाजारात नोंदलेल्या आणि मोठ्या कंपन्यांपुरतं मानक लागू झालं.

ते टिकलं नाही. करखातं जुन्याच नफ्यावर कर लावत राहिलं, महागाई उतरली, आणि बदली किंमत ठरवताना अंदाज फार यायचे कारण दहा वर्षांपूर्वीचं मशीन आता कोणी बनवतच नाही, नवं मशीन निम्म्या माणसांत दुप्पट काम करतं, मग त्याची किंमत जुन्याला कशी लावायची? कंपन्या पाळेनाशा झाल्या, १९८५ मध्ये सक्ती उठली आणि १९८८ मध्ये मानकच मागे घेतलं. अमेरिकेत १९७९ चा असाच पूरक माहितीचा नियम १९८६ मध्ये ऐच्छिक झाला.

त्यानंतर ही पद्धत ब्रिटनमध्ये मुख्यतः खासगीकरण झालेल्या पाणीपुरवठा कंपन्यांसारख्यांच्या नियामक हिशेबात राहिली, कारण तिथे गिऱ्हाइकाला लावायचा दर मालमत्तेच्या किमतीवर ठरतो. तीन वर्षांत मिळून महागाई १०० टक्क्यांच्या आसपास गेली की लागू होणारं आंतरराष्ट्रीय मानक, आयएएस २९, मात्र सर्वसाधारण निर्देशांकाचीच वाट धरतं.