कॅलेंडर रिबॅलन्सिंग आणि टॉलरन्स बँड

कॅलेंडर रिबॅलन्सिंग म्हणजे वर्षातून एकदा किंवा दोनदा, आधीच ठरवलेल्या तारखेला पोर्टफोलिओ उघडायचा, इक्विटी, डेट, सोनं यांचं आत्ताचं प्रमाण बघायचं आणि ते आपण ठरवलेल्या प्रमाणापासून लांब गेलं असेल तर परत जागेवर आणायचं. किती लांब गेलं म्हणजे हात घालायचा हे सांगणारी मर्यादा म्हणजे टॉलरन्स बँड. तारीख सांगते कधी बघायचं, बँड सांगतो बघून काही करायचं की नुसतं बंद करून ठेवायचं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि बरेच जण फक्त पहिलीच करतात, म्हणजे तारीख आली की काहीतरी विकतातच, आणि तिथेच पैसे जातात.

हे करायचं कारण परतावा वाढवणं हे नाही. बाजार चार-पाच वर्षं एकसारखा वर जात असेल तर रिबॅलन्सिंग करणाऱ्याला न करणाऱ्यापेक्षा कमीच मिळतं, कारण तो जे वाढतंय तेच विकत असतो. कारण एवढंच की 60 टक्के इक्विटी ठरवून सुरुवात केलेला माणूस काही न करता 75 टक्क्यांवर जाऊन बसतो आणि पुढची घसरण आली की त्याला त्याने कधीच न ठरवलेला तोटा बघावा लागतो.

एक पोर्टफोलिओ, दोन वर्षं

समजा 20 लाख रुपये आहेत, 60 टक्के निफ्टी इंडेक्स फंडात, 30 टक्के डेट फंडात, 10 टक्के गोल्ड फंडात, म्हणजे 12 लाख, 6 लाख आणि 2 लाख. बँड ठेवलाय 5 पॉइंटचा, म्हणजे इक्विटी 55 ते 65 च्या मध्ये असेल तर हात लावायचा नाही. इथे पॉइंट आणि टक्के यात घोळ होऊ देऊ नका, 60 चे 5 टक्के म्हणजे फक्त 3, आणि तो बँड फारच अरुंद होतो.

पहिल्या वर्षी इक्विटी 20 टक्के वाढली, डेट 7 आणि सोनं 15. आता इक्विटी 14.40 लाख, डेट 6.42, सोनं 2.30, एकूण 23.12 लाख. प्रमाण झालं साधारण 62.3, 27.8 आणि 9.9. सगळं बँडच्या आत, काम संपलं, फाईल बंद. बँड नसता तर काय झालं असतं बघा, 52,800 रुपयांचा इंडेक्स फंड विकायचा, 51,600 डेटमध्ये टाकायचे आणि सोन्यात टाकायचे फक्त 1,200. बाराशे रुपयांच्या त्या खरेदीने 23 लाखांच्या पोर्टफोलिओची जोखीम बदलत नाही, पण व्यवहाराची नोंद, स्टेटमेंटमधली ओळ आणि पुढे त्या युनिटची वेगळी खरेदी-तारीख हे सगळं मात्र कायमचं मागे लागतं.

दुसऱ्या वर्षी इक्विटी 25 टक्के, डेट 7, सोनं 10. इक्विटी 18 लाख, डेट 6.87, सोनं 2.53, एकूण 27.40. आता इक्विटी 65.7 टक्के, बँडच्या बाहेर. डेट 25.1 वर, म्हणजे काठावर पण अजून आत. सोनं 9.2.

पूर्ण टार्गेटवर यायचं तर 1.56 लाखांची इक्विटी विकायची, त्यातले 1.35 लाख डेटला आणि 21,000 सोन्याला. इक्विटीत 12 लाख गुंतवून 18 लाख झालेत म्हणजे विकलेल्या रकमेतला एक तृतीयांश नफा, सुमारे 52,000. युनिट वर्षापेक्षा जुने आहेत, त्यामुळे हा दीर्घकालीन नफा. 23 जुलै 2024 पासून इक्विटी फंडाच्या अशा नफ्यावर 12.5 टक्के कर आहे, पण आर्थिक वर्षातल्या पहिल्या 1.25 लाख नफ्यावर नाही, म्हणून त्या वर्षी इक्विटीत दुसरा नफा घेतलेला नसेल तर इथे कर शून्य. वर्षाच्या आतले युनिट विकले असते तर 20 टक्के लागले असते आणि बऱ्याच फंडात वर एक्झिट लोडही, म्हणजे लवकर पैसे काढल्याबद्दल फंड कापतो ते शुल्क. विकताना जुने युनिट आधी जातात, त्यामुळे एसआयपी चालू असली तरी सहसा ही अडचण येत नाही, पण स्टेटमेंटवर बघून घ्यावं.

आणि हो, एका फंडातून दुसऱ्या फंडात स्विच केलं की पैसे बँकेत आले नाहीत म्हणून कर नाही असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही, स्विच म्हणजे विक्री आणि नवीन खरेदीच.

विकायच्या आधी एसआयपी वळवून बघा

मला या सगळ्यात सगळ्यात उपयोगी वाटतं ते हे. वरच्या उदाहरणात इक्विटी 65.7 वर आहे आणि बँडची कड 65. काहीच न विकता इक्विटीचं प्रमाण 65 वर आणायचं तर एकूण रक्कम 18 भागिले 0.65, म्हणजे 27.69 लाख व्हायला हवी. आहे 27.40. फरक फक्त 29,000 च्या आसपास! दर महिन्याला 25,000 ची एसआयपी असलेल्या माणसाने ती दोन महिने इक्विटीऐवजी डेटमध्ये वळवली की पोर्टफोलिओ बँडच्या आत येतो, विक्री नाही, कर नाही, लोड नाही. पूर्ण 60 वर यायला मात्र 2.60 लाख नवीन पैसे लागतील, म्हणजे दहा-अकरा महिन्यांची एसआयपी, आणि तेवढ्यात बाजार कुठेही गेलेला असेल. म्हणून नवीन पैशाने कड गाठायची, आणि पोर्टफोलिओ मोठा झाला की एसआयपी त्याच्यापुढे छोटी पडते तेव्हा विक्रीकडे जायचं, हा क्रम बरोबर वाटतो.

किती आत यायचं हाही प्रश्न आहेच. खर्च रकमेच्या प्रमाणात लागत असेल, म्हणजे कर किंवा टक्केवारीतलं ब्रोकरेज, तर कडेपर्यंत किंवा टार्गेटच्या अर्ध्या वाटेवर येऊन थांबणं स्वस्त पडतं, कारण विकलेला प्रत्येक जास्तीचा रुपया खर्च घेऊन येतो. प्रत्येक व्यवहाराला ठरलेली फी असेल तर एकदाच पूर्ण टार्गेटवर गेलेलं बरं, नाहीतर पुढच्या तारखेला पुन्हा फी. आपल्याकडच्या म्युच्युअल फंडात पहिली गोष्ट लागू होते. वरच्या केसमध्ये कड आणि टार्गेट यांच्या अर्ध्या वाटेवर म्हणजे 62.5 वर थांबलं तर 1.56 ऐवजी साधारण 88,000 च विकावे लागतात.

छोट्या हिश्श्याला वेगळा बँड

10 टक्के सोन्याला 5 पॉइंटचा बँड देणं म्हणजे ते 5 ते 15 च्या मध्ये कुठेही चालेल म्हणणं, म्हणजे ते जवळपास निम्मं होईपर्यंत आपण गप्प बसणार. यासाठी अमेरिकेतले गुंतवणूक लेखक लॅरी स्वेड्रो यांचा 5/25 नियम खूप वापरला जातो, 5 पॉइंट किंवा टार्गेटच्या 25 टक्के, यातलं जे कमी ते घ्यायचं. 20 टक्क्यांच्या हिश्श्याला दोन्ही सारखेच येतात, त्याच्या वर 5 पॉइंट चालतो आणि खाली 25 टक्के. म्हणजे सोन्याला 7.5 ते 12.5. शीटमध्ये बी कॉलमला टार्गेट आणि सी ला आत्ताचं प्रमाण असेल, दोन्ही 60% असं टक्क्याच्या चिन्हासकट लिहिलेलं, तर एवढंच पुरतं:

```
=IF(ABS(C2-B2)>MIN(0.05,0.25*B2),"बदल","ठेव")
```

याच्या जोडीला कमीत कमी रकमेची अट ठेवायची, समजा 25,000. मग वरच्या पूर्ण टार्गेटच्या हिशोबातले सोन्याचे 21,000 गळतात, सगळे 1.56 लाख डेटला जातात आणि डेट 30.8 वर येतं. टार्गेट तंतोतंत जुळलं नाही तरी तिन्ही बँडमध्ये आहेत, आणि आपल्याला तेवढंच हवं होतं.

बँड चुकलाय का हे तीन-चार वर्षांच्या नोंदीवरून कळतं. दर तारखेला काहीतरी विकावंच लागत असेल आणि रक्कम पोर्टफोलिओच्या एक-दोन टक्क्यांएवढीच असेल तर बँड अरुंद आहे. माझ्या मावसभावाने पहिली दोन वर्षं बँडशिवाय दर तिमाहीला जुळवाजुळव केली होती, दुसऱ्या वर्षी रिटर्न भरताना त्याचं कॅपिटल गेन स्टेटमेंट चार पानांचं निघालं आणि सगळ्या विक्रीची बेरीज करूनही इक्विटीचं प्रमाण जेमतेम 3 पॉइंटने बदललं होतं. त्यातले काही युनिट वर्षाच्या आतले होते, त्यावर 20 टक्के भरावे लागले ते मला अजून टोचतं.

तारखेची मर्यादा

कॅलेंडर पद्धतीत दोन तारखांच्या मध्ये काय झालं ते दिसतच नाही, ही तिची खरी कमजोरी. 2020 घ्या. निफ्टी 31 डिसेंबर 2019 ला 12,168 च्या आसपास होता, 23 मार्च 2020 ला 7,610 वर बंद झाला आणि 31 डिसेंबर 2020 ला 13,980 च्या वर. डिसेंबरला बघणाऱ्या माणसाला वर्ष चांगलं गेलं एवढंच दिसलं. मध्ये त्याची 60 टक्के इक्विटी 48 च्या आसपास येऊन गेली होती आणि त्याने काहीच केलं नाही. दर 31 मार्चला बघणाऱ्याला मात्र निफ्टी 8,600 च्या आसपास दिसला, इक्विटी 51 टक्क्यांवर, बँडच्या खूप बाहेर, म्हणून त्याने नियमाप्रमाणे डेट विकून इक्विटी घेतली, आणि पुढच्या 31 मार्चला निफ्टी 14,690 वर होता. नियम एकच, फरक फक्त तारखेचा. यात मार्चवाल्याची हुशारी नाही, नशीब आहे, दुसऱ्या एखाद्या वर्षी उलट होईल. ज्यांना हे नको त्यांनी वर्षातून दोन तारखा ठेवाव्यात. रोज बघणं मात्र सुचवणार नाही, कारण घरी बसून रोज बघणारा माणूस बँडची वाट बघत नाही.

आपल्याकडे मार्चच्या शेवटच्या आठवड्याची तारीख मला सोयीची वाटते. विक्रीत नफा 2 लाख निघणार असेल तर अर्धं 31 मार्चच्या आत आणि अर्धं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विकायचं, दोन आर्थिक वर्षांची 1.25 लाखांची सूट मिळते आणि कर शून्यावर येतो. उलट्या दिशेने, म्हणजे डेट विकून इक्विटी घ्यायची असेल तर ही सोय नाही, 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या डेट फंडाच्या नफ्यावर स्लॅबप्रमाणेच कर लागतो, कितीही वर्षं ठेवलं तरी.

मोजताना होणारी चूकही सांगायला हवी. पीपीएफ डेटमध्ये धरलं की प्रमाण कागदावर छान दिसतं पण ते 15 वर्षांसाठी अडकलेलं, घसरणीत विकून इक्विटी घ्यायला उपयोगाचं नाही, म्हणून धरायचं असेल तर विकता येणारं डेट वेगळं लिहून ठेवायचं. हायब्रिड फंड असेल तर तो पूर्ण इक्विटीत टाकू नका, त्याच्या फॅक्टशीटमधलं इक्विटीचं प्रमाण घेऊन विभागा.

एनपीएसमध्ये ऑटो चॉइस, म्हणजे वयाप्रमाणे प्रमाण ठरवून देणारा पर्याय, घेतलेल्यांचं हे काम आपोआप होतं, आणि तिथली तारीख असते सभासदाचा वाढदिवस. त्यातल्या एलसी 50 या प्रकारात 35 व्या वर्षापर्यंत 50 टक्के इक्विटी आणि पुढे दरवर्षी 2 पॉइंट कमी. तिथे टार्गेट स्वतःच दरवर्षी सरकतं आणि आतल्या बदलावर कर लागत नाही, त्यामुळे छोटे व्यवहार टाळायचं जे कारण आपल्या डीमॅटमध्ये आणि फंडात आहे ते तिथे जवळजवळ उरत नाही.