वर्गीकरणाच्या तक्त्यातील रिकाम्या चौकटी

आढावा लेखातला वर्गीकरणाचा तक्ता पुष्कळदा वाचलेल्या निबंधांची नुसती यादी होऊन बसतो. पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइड काढण्याच्या पद्धतींवर असा लेख लिहायचा आहे, असे धरू. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत; मात्र यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील कित्येक विंधन विहिरींत ते याहून अधिक सापडते.

तक्त्याच्या ओळींत सहसा नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेली तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत, अधिशोषण, रिव्हर्स ऑस्मोसिस आणि ‘नॅनोपदार्थ’ अशी नावे एकाखाली एक येतात. येथेच घोळ होतो, कारण पहिली तिन्ही नावे फ्लोराइड कसे निघते ते सांगतात, तर चौथे केवळ कणांचा आकार सांगते. नॅनो-ॲल्युमिनावरचा निबंध मग दोन ओळींत बसू पाहतो, आणि वर्गीकरणाचा निकष बिघडल्याचे हेच लक्षण होय. ओळी फक्त क्रियेनुसार लावाव्यात आणि कणांच्या आकाराला वेगळा स्तंभ द्यावा.

स्तंभांपैकी ‘चाचणीचे पाणी’ हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. ऊर्ध्वपातित पाण्यात सोडियम फ्लोराइड घालून केलेली चाचणी आणि विहिरीच्या पाण्यावरची चाचणी यांत मोठे अंतर असते. सक्रिय ॲल्युमिना ५.५ ते ६ या सामूच्या आसपास उत्तम काम करते, पण भूजल सहसा याहून अल्कधर्मी असते आणि त्यातले बायकार्बोनेट फ्लोराइडशी स्पर्धा करते. शिवाय लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या द्रावणात मोजलेली शोषणक्षमता ३ मिलिग्रॅमच्या पाण्याला लागू पडत नाही. म्हणून क्षमतेच्या आकड्याशेजारी सुरुवातीची तीव्रता नोंदवली नाही, तर तो आकडा दिशाभूल करतो.

तक्ता भरल्यावर ज्या चौकटी रिकाम्या राहतात, त्या सगळ्याच संशोधनातल्या उणिवा नसतात. नालगोंडा पद्धतीच्या ओळीत ‘अधिशोषकाचे पुनरुज्जीवन’ या स्तंभाला अर्थच नाही, कारण फ्लोराइड गाळाबरोबर निघून जाते. तेथे ‘लागू नाही’ असे लिहावे. प्रक्रियेनंतर पाण्यात किती ॲल्युमिनियम उरले हे निबंधात दिलेच नसेल, तर ‘नोंद नाही’ म्हणावे. खरी उणीव म्हणजे ‘अभ्यास आढळला नाही’ ही तिसरी खूण, आणि तीही शोधाच्या शब्दांवर अवलंबून असते. केवळ defluoridation हा शब्द टाकून शोधले, तर fluoride removal म्हणणारे निबंध निसटतात. त्यामुळे, समजा, ‘वापरलेल्या अधिशोषकाची विल्हेवाट’ ही चौकट रिकामी दिसली, तर तेवढ्यापुरता स्वतंत्र शोध घ्यावा, आणि तरीही काही हाती लागले नाही तरच तेथे उणीव असल्याचे लेखात लिहावे.