बाळंतिणीची भेट

मूल जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मैत्रिणीच्या घरी जाऊन तिची, बाळाची व घरच्यांची घेतलेली थोडक्यात भेट. प्रस्तुत नोंदीत प्रसूतीपासून साधारण सहा आठवड्यांपर्यंतच्या भेटीचा विचार केला आहे. गर्भाशय मूळ आकाराला येण्यास सर्वसाधारणपणे एवढा काळ लागतो, आणि जन्माच्या वेळी द्यायच्या लसींनंतरचे बाळाचे लसीकरण बहुतेक ठिकाणी याच सुमारास सुरू होते. त्यानंतरची भेट इतर कोणत्याही भेटीसारखीच असते.

बाळंतिणीला आधी वेगळे ठेवणे व मग भेटीगाठींसाठी दार उघडणे हा क्रम पुष्कळ समाजांत आढळतो. त्याचे मूळ मात्र वादग्रस्त आहे. मानववंशशास्त्रज्ञ आर्नोल्ड व्हान जेनेप याने १९०९ मध्ये मांडलेल्या संक्रमणविधींच्या उपपत्तीनुसार व्यक्ती आधी समाजापासून दूर होते, काही काळ उंबरठ्यावर राहते आणि मग नव्या नात्याने परत सामावली जाते. भेटीला येणारी मंडळी या तिसऱ्या टप्प्यात मोडतात. दुसऱ्या मतानुसार विधीचा भाग दुय्यम असून विश्रांती व संसर्गाची भीती एवढीच कारणे पुरेशी आहेत. दोन्ही मते एकमेकांना छेद देतातच असे नाही. तथापि भेट किती वेळाची असावी या प्रश्नाचे उत्तर पहिल्या उपपत्तीतून मिळत नाही. ते दुसरीकडेच शोधावे लागते.

ते उत्तर बाळाच्या दुधाच्या वेळांत आहे. अंगावर पिणारे नवजात बाळ चोवीस तासांत साधारण ८ ते १२ वेळा दूध पिते. दोन पाजण्यांमधले अंतर मोजतात ते सुरुवातीपासून सुरुवातीपर्यंत, आणि इथेच पाहुण्यांचा हिशेब चुकतो. समजा, बाळाने तीन वाजता प्यायला सुरुवात केली. पिण्यात ३०-४० मिनिटे जातात, खांद्यावर घेऊन ढेकर काढण्यात दहा-पंधरा, डायपर बदलून झोपवण्यात आणखी दहा. चार वाजले. बाळ पुन्हा साडेपाचला उठणार असेल, तर आईच्या हाती दीड तास उरतो. त्यातच जेवण, अंघोळ आणि जमली तर झोप. पाहुणी २५ मिनिटे बसली, तरी ती येण्याआधी केस-कपडे ठीकठाक करणे आणि ती गेल्यावर पुन्हा आडवे होणे धरून पाऊण तास सरतो, म्हणजे हाती असलेल्या वेळापैकी निम्मा. पाऊण तास बसल्यास जेमतेम पंचवीस मिनिटे उरतात. २० ते ३० मिनिटांची मर्यादा ही अशी आली आहे.

वेळ ठरवताना ‘कधी येऊ?’ असे विचारल्यास ठरवण्याचे ओझे बाळंतिणीवरच पडते. ‘गुरुवारी चारच्या सुमारास वीस मिनिटं डोकावून जाऊ का? नको असेल तर नुसतं नको म्हण’ असा मेसेज बरा. त्यात वेळ आहे, अवधी आहे आणि नकाराची सोयही आहे. निघण्याआधी पुन्हा एकदा विचारावे, कारण सकाळचे वेळापत्रक दुपारपर्यंत टिकेलच असे नाही. दारावरची घंटा वाजवण्याऐवजी बाहेरून फोनवर कळवणे इष्ट.

सर्दी, खोकला, ताप, जुलाब यांपैकी काहीही असल्यास भेट पुढे ढकलतात, लक्षण कितीही किरकोळ असले तरी. मोठ्यांमध्ये डांग्या खोकला पुष्कळदा साध्या रेंगाळलेल्या खोकल्यासारखा दिसतो. तान्ह्या बाळात मात्र तो श्वास थांबवू शकतो. ज्यांना बाळाला वारंवार भेटायचे आहे त्यांनी या रोगाची लस निदान दोन आठवडे आधी घ्यावी, असा सल्ला त्यामुळे दिला जातो. ओठावर नागिणीसारखे पुरळ उठवणारा हर्पिसचा विषाणू पहिल्या महिन्यात जिवावर बेतू शकतो, आणि पुरळ दिसत नसतानाही तो लाळेतून पसरतो. म्हणून बाळाचा पापा कोणीही घेऊ नये. हाताचाही नाही, कारण हात लगेच तोंडात जातो. घरात शिरल्यावर साबणाने २० सेकंद हात धुवावेत. हे न सांगता केल्यास आईवर सांगण्याची वेळ येत नाही. उग्र अत्तर टाळावे, आणि नुकतीच सिगारेट ओढलेल्याने बाळाला घेऊ नये.

आत आल्यावर प्रथम कोणाशी बोलावे यावर एकमत नाही. रूढ कल बाळाकडे धावण्याचा आहे. मैत्रिणीला आधी भेटावे हे मत अधिक ग्राह्य वाटते. नऊ महिने सगळे तिची चौकशी करत असतात आणि प्रसूतीनंतर ती एकाएकी बाळाची पार्श्वभूमी होऊन बसते. घरात थोरले भावंड असेल तर त्याच्याशी त्याच्या नावाने आणि त्याच्याच विषयावर दोन वाक्ये बोलून मग पाळण्याकडे वळावे. ‘आता तू दादा झालास’ हे त्याने दिवसभर ऐकलेले असते. रात्री जागणाऱ्या नवऱ्याला आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या आजीला ‘तुम्हाला झोप मिळतेय का?’ एवढे विचारले तरी पुरते. हा प्रश्न त्यांना फारसा कोणी विचारत नाही.

बाळाला मागून घेऊ नये; दिले तर बसून घ्यावे. एक तळवा मान व डोक्याखाली, दुसरा ढुंगणाखाली. देणाऱ्याचा हात निघण्याआधी आपल्या हाताला वजन जाणवले पाहिजे. बाळाने तोंड वळवणे, मुठी चोखणे, ओठ हलवणे ही भुकेची पहिली चिन्हे आहेत. रडणे सगळ्यात शेवटी येते. ती दिसताच, म्हणजे रडण्याआधीच, बाळ आईकडे परत द्यावे आणि खोलीबाहेर जाण्याची तयारी दाखवावी. ‘थांब, मी शांत करते’ म्हणत भुकेल्या बाळाला हिंदकळत राहणे ही नेहमी होणारी चूक होय.

हलक्या गप्पांचे स्वरूप भाषाशास्त्रात चर्चिले गेले आहे. माहिती देण्यापेक्षा जवळीक राखण्यासाठी होणाऱ्या बोलण्याकडे मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्हस्की याने १९२३ मध्ये लक्ष वेधले. जॉन लेव्हर याने १९७५ मध्ये अशा बोलण्याचे तीन प्रकार केले : दोघांच्या भोवतालाविषयीचे, स्वतःविषयीचे आणि समोरच्याविषयीचे. बाळंतिणीच्या भेटीत तिसरा प्रकार आपोआप पुढे येतो आणि तोच सर्वांत जोखमीचा ठरतो. ‘दूध पुरतंय का?’, ‘टाके पडले का?’, ‘रात्री झोपतो का नीट?’ हे प्रश्न काळजीपोटीच विचारलेले असतात, पण प्रत्येकाचे उत्तर तिला कशात तरी कमी ठरवू शकते. ‘कशी आहेस गं?’ एवढे विचारून थांबावे. प्रसूतीची हकिगत तिने काढली तर ऐकावी. तिची तुलना आपल्या वा तिसऱ्या कोणाच्या बाळंतपणाशी करू नये. बाकी वेळ पहिल्या दोन प्रकारांवर निभावतो : खिडकीतले ऊन, येताना लागलेली वाहतूक, ओळखीच्या लोकांची साधी खबरबात.

‘बाळ कोणावर गेलंय?’ हा विषय निरुपद्रवी समजला जातो. त्यावर बरेच संशोधन झाले आहे. मानसशास्त्रज्ञ मार्टिन डेली व मार्गो विल्सन यांना १९८२ मध्ये असे आढळले, की नवजात बाळ बापासारखे दिसते असे म्हणण्याकडे लोकांचा, विशेषतः आईचा, कल असतो. पितृत्वाबद्दल बापाची खात्री पटवण्याची ही नकळत झालेली सोय असावी, असा त्यांचा तर्क होता. १९९५ मध्ये क्रिस्टनफेल्ड व हिल यांनी छायाचित्रे जुळवायला लावून वर्षाची मुले खरोखरच बापाशी अधिक मिळतीजुळती असतात, असा निष्कर्ष काढला. १९९९ मध्ये ब्रेदार व फ्रेंच यांना तसे आढळले नाही. त्यानंतर २००० मध्ये मॅक्‌लेन व सहकाऱ्यांनी नवजात बाळांची छायाचित्रे तपासली. त्यांत बाळांच्या माता साम्य बापाशी सांगत होत्या, तर त्रयस्थ परीक्षकांना बाळे आईशी अधिक जुळणारी वाटली. एकंदरीत हे विधान चेहऱ्यापेक्षा नात्यांबद्दल अधिक सांगते, हे मत सयुक्तिक दिसते. पाहुणीने त्यामुळे स्वतः निवाडा देऊ नये. घरातल्या एकाने ‘नाक माझ्याकडचं’ म्हटले आणि दुसरा ‘कपाळ आमचं’ म्हणाला, तर दोघांनाही मान डोलवता येते. मूल दत्तक असेल, दात्याच्या साहाय्याने झाले असेल वा वडील जवळ नसतील, तर हा विषय आपण काढूच नये.

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास पुष्कळ बाळंतिणींना अकारण रडू येते. संप्रेरकांची पातळी झपाट्याने उतरणे व अपुरी झोप ही त्यामागची मुख्य कारणे मानली जातात. गप्पांच्या मध्येच डोळे भरून आले तर कारण विचारत बसू नये. पाण्याचा पेला पुढे करून जवळ बसणे पुरते. हे सहसा दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही उदासी टिकली, बाळ झोपलेले असतानाही तिला झोप लागत नसली किंवा ‘माझ्यावाचून यांचं बरं चालेल’ अशी भाषा आली, तर घरच्या माणसाला बाजूला घेऊन डॉक्टरांकडे लवकर नेण्याविषयी स्पष्ट बोलावे. इथे गप्पा हलक्या ठेवण्याचा नियम लागू होत नाही.

भेट संपवणे हे सुरू करण्यापेक्षा अवघड असते. समाजशास्त्रज्ञ शेग्लॉफ व सॅक्स यांनी १९७३ मध्ये दाखवल्याप्रमाणे संभाषण एकदम तुटत नाही. आधी ‘बरं मग’ सारखा शब्द येतो, दुसऱ्याला नवा विषय काढण्याची संधी मिळते आणि त्याने तो काढला नाही तरच निरोप होतो. यजमानाने पाहुण्याला जा म्हणायचे नसते, म्हणून पहिला शब्द पाहुणीलाच काढावा लागतो. विसाव्या मिनिटाला ‘चला, येते मी’ म्हणत उभे राहावे. बसून म्हटल्यास ते खरे वाटत नाही. ‘बस गं अजून’ हे उत्तर बहुधा शिष्टाचाराचे असते. त्यामागोमाग ‘थांब, तुला एक सांगायचंय’ असा ठरावीक विषय आला तरच तो आग्रह खरा समजावा. मनातले बोलणे पुष्कळदा याच वेळी बाहेर येते, म्हणून पाच मिनिटे हाताशी ठेवलेली बरी. उलट पाहुणीनेच दारात उभे राहून नवा विषय काढला, तर बाळंतीण दुखऱ्या टाक्यांनिशी तिष्ठत राहते. तिने दारापर्यंत येऊच नये असे आधी सांगावे. जाताना आपला पेला विसळून ठेवावा. ‘काही लागलं तर सांग’ याऐवजी ‘शनिवारी कचरा मी नेऊन टाकते’ असे नेमके काम बोलून घ्यावे.

जुळ्यांच्या घरी वरचा हिशेब लागू पडत नाही. दोन्ही बाळांच्या वेळा जुळलेल्या नसल्यास मोकळे अंतर जवळजवळ नसतेच, आणि दहा मिनिटांची भेटही दारातूनच घेतलेली बरी. बाळ अतिदक्षता विभागात असेल तर भेटीऐवजी मेसेज पाठवतात. त्यात ‘घरी कधी आणणार?’ हा प्रश्न नसावा आणि ‘उत्तर दिलं नाहीस तरी चालेल’ हे वाक्य असावे.