क्रेडिट कार्डाचे पॉइंट: भेटवस्तू घ्यायची की कार्डाच्या बिलात वळते करायचे?
(मिक्सर, कुकर, कूलर विक्री व दुरुस्ती, महाल, नागपूर. आमच्या ग्राहकांसाठी)

दिवाळीच्या आधी आणि मार्च संपता संपता आमच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो. मोबाइल पुढे धरून ग्राहक म्हणतात, "भाऊ, बँकेच्या कॅटलॉगात हाच मिक्सर ६,३९५ ला आहे अन् तुम्ही ४,३५० सांगता. तुमचा माल डुप्लिकेट तर नाही ना?" माल तोच, कंपनी तीच, वॉरंटीही तीच. फरक एवढाच की बँकेच्या कॅटलॉगात बहुतेक वेळा डब्यावरची छापील किंमत किंवा तिच्या जवळपासची किंमत असते, आणि छापील किमतीत मिक्सर महालात काय, सीताबर्डीवरही कोणी घेत नाही.

हे एक ध्यानात आलं की पॉइंटांचा हिशेब सोपा आहे. ते ध्यानात येत नाही म्हणून लोकांचे पैसे जातात आणि आमचा वेळ जातो. म्हणून एकदाच छापून ठेवतो आहोत.

पॉइंटाला स्वतःची एकच एक किंमत नसते. तुम्ही तो कुठे वापरता त्यावर ती ठरते. एसबीआयच्या सिंपलीसेव्ह कार्डावर चार पॉइंटांचा एक रुपया, म्हणजे पॉइंट २५ पैशांचा. एचडीएफसीच्या रेगालियावर पॉइंट बिलात वळवला तर २० पैसे, कॅटलॉगातल्या वस्तूसाठी ३५ पैसे आणि विमान-हॉटेलसाठी ५० पैसे असे दर बराच काळ आहेत. त्याच बँकेच्या मिलेनियावर गणित उलटं आहे. तिथे पॉइंट बिलात वळवला की पूर्ण एक रुपया मिळतो, आणि इतरत्र वापरला की बराच कमी. बँका हे दर अधूनमधून बदलतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या कार्डावरून आपला हिशेब करू नका. ॲपमध्ये रिवॉर्ड्सच्या पानावर आपल्या कार्डाचे दोन्ही दर बघा.

आता जिथे सगळे फसतात ती जागा. ग्राहक ३५ पैसे आणि २० पैसे बघतात आणि म्हणतात, "भेटवस्तूच घेतो, जवळजवळ दुप्पट मिळते." पण ते ३५ पैसे कॅटलॉगातल्या किमतीवर मोजलेले असतात, बिलातले २० पैसे मात्र रोख असतात. दोन वेगळ्या मापांनी मोजलेल्या गोष्टींची तुलना होत नाही.

मघाचाच मिक्सर घेऊ. कॅटलॉगात ६,३९५ रुपये, दर ३५ पैसे, म्हणजे १८,२७२ पॉइंट लागणार. तोच मिक्सर आमच्याकडे ४,३५० ला. म्हणून त्या पॉइंटांच्या बदल्यात तुमच्या घरी आलेली वस्तू ६,३९५ ची नाही, ४,३५० ची आहे. भागाकार केला तर पॉइंटाला ३५ नाही, जेमतेम २४ पैसे, एवढंच पडलं. हेच १८,२७२ पॉइंट २० पैशांनी बिलात वळवले असते तर ३,६५४ रुपये मिळाले असते. म्हणजे इथे भेटवस्तू पुढे आहे खरी, पण दुप्पट नाही. सातशेच्या आसपास रुपयांनी पुढे आहे, तीही तुम्हाला हाच मिक्सर हवा होता तर.

आमचा धंदा विक्रीचा असूनही हे सांगतो आहोत, कारण या उदाहरणात मिक्सर बँकेकडूनच घेणं फायद्याचं आहे. मिक्सर लागतच होता, मॉडेल मनासारखं आहे, तर खुशाल कॅटलॉगातून घ्या.

पण आकडे जरा हलवून बघा. समजा तुमच्या कार्डावर दोन्हीकडे २५ पैसेच दर आहे. मग त्या मिक्सरला २५,५८० पॉइंट लागतील, आणि तेवढेच पॉइंट बिलात वळवले तर पूर्ण ६,३९५ रुपये कमी होतील. त्यातून आमच्याकडून ४,३५० चा मिक्सर घेऊनही २,०४५ उरतात. दर सारखे असतील आणि वस्तू दुकानात स्वस्त असेल, तर भेटवस्तू कधीच परवडत नाही. दर ३५ आणि २० असतील तर सीमा ५७ टक्क्यांवर येते. दुकानातला भाव कॅटलॉगातल्या किमतीच्या ५७ टक्क्यांखाली गेला की बिलात वळवणं बरं. कुकर-मिक्सरमध्ये भाव सहसा इतका खाली जात नाही. कमी ओळखीच्या कंपन्यांचे इअरफोन, घड्याळं, ट्रॉली बॅगा यांत मात्र छापील किमतीच्या निम्म्यात विक्री सर्रास चालते, तिथे सांभाळून.

थोडक्यात, भेटवस्तूची किंमत म्हणजे ती नागपुरात ज्या भावाला मिळते तो भाव. त्याला पॉइंटांनी भागा आणि बिलाच्या दराशी ताडून बघा. एवढंच गणित आहे.

यात एक खर्च लपलेला असतो. बऱ्याच बँका पॉइंट रिडीम करताना ९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतात, म्हणजे ११६ रुपये ८२ पैसे, आणि ते पुढच्या बिलात लागतात. काही कार्डांना हे शुल्क नाही, काहींना भेटवस्तूवर वेगळं आणि बिलावर वेगळं असतं. अठरा हजार पॉइंटांवर ते जाणवत नाही. पण कोणी दोन हजार पॉइंट २० पैशांनी बिलात वळवले तर ४०० मधले २८३ च हाती राहतात आणि पॉइंट १४ पैशांवर येतो. म्हणून थोडे थोडे पॉइंट रिडीम करू नका, साठवून एकदाच करा. मात्र अनेक कार्डांचे पॉइंट दोन वर्षांत बाद होतात, तेही बघून घ्या.

बिलात वळते केले म्हणजे बिल भरलं, असं समजू नका. हा घोळ आमच्याकडच्या ग्राहकांचा दरवर्षी होतो. बिल १२,३०० चं आलं, साडेतीन हजारांचे पॉइंट वळवले आणि राहिलेले ८,८०० भरून मोकळे झाले. पण जमा व्हायला काही दिवस लागतात, आणि बहुतेक बँकांच्या अटींमध्ये ही जमा किमान देय रकमेसाठी धरली जात नाही. मग व्याज मागे लागतं, आणि पॉइंटांवर विसंबून किमान रक्कमही भरली नाही तर उशिराचं शुल्कही. पूर्ण बिल नेहमीसारखं भरा. पॉइंटांचे पैसे पुढच्या बिलातून आपोआप कमी होतील. आणि कार्डावर आधीचीच थकबाकी असेल, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चालू असेल, तर भेटवस्तूचा विचारच करू नका, सगळे पॉइंट बिलातच घाला.

आता आमच्याबद्दल लोकांची तक्रार. कॅटलॉगातून आलेला सीलबंद मिक्सर घेऊन काही जण येतात आणि म्हणतात, "आम्हाला नको, तुम्ही ठेवून घ्या, बदल्यात कूलर द्या." आम्ही घेत नाही, आणि याचा राग मानू नये. त्या मालाचं बिल दुसऱ्याच विक्रेत्याचं असतं, त्यावरचा जीएसटी आम्हाला मिळत नाही, आणि वॉरंटी बिलाच्या तारखेपासून आधीच सुरू झालेली असते. पुढच्या ग्राहकाला आम्ही काय सांगणार? आमच्या दुकानाचा शिक्काही त्या वॉरंटी कार्डावर मारता येत नाही. पार्सलमध्ये आलेलं बिल जपून ठेवा, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला तेच लागतं. वॉरंटी संपल्यावरची दुरुस्ती मात्र आम्ही करतो. कपलर, ब्लेड, कार्बन ब्रश असे बहुतेक कंपन्यांचे भाग दुकानात असतात.

कॅटलॉगात वस्तू निवडताना आणखी एक बघा. पानावर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं आणि वॅट बारीक अक्षरात. सावजी मसाला वाटायचा असेल, खोबरं-खसखस-कांदा असं जड वाटण रोजचं असेल, तर ५०० वॅटचा मिक्सर थोड्या दिवसांत जळका वास सोडायला लागतो आणि मग तो आमच्याच टेबलावर येतो. ७५० वॅट बघा, भांडी किती आहेत बघा, चटणीचं छोटं भांडं आहे का बघा. कूलरचंही तसंच. कॅटलॉगातला वीस लिटरचा पर्सनल कूलर पुण्याला चालत असेल, नागपूरच्या मे महिन्यात तो एका खाटेपुरताच. इथे हॉलला लोखंडी बॉडीचा, वाळ्याच्या ताट्यांचा मोठा कूलरच लागतो, आणि तो बँकेच्या कॅटलॉगात नसतो. कूलर घ्यायचा असेल तर पॉइंट बिलात वळवा आणि इथून घ्या. इथे आमचा स्वार्थ आहे, लपवत नाही.

व्हाउचरचंही सांगून ठेवतो. पॉइंटांवर मिळणारी गिफ्ट व्हाउचरं ज्या साखळी दुकानांची किंवा ॲपची असतात तिथेच चालतात, आमच्याकडे चालत नाहीत. एकदा कोड आला की पॉइंट सहसा परत होत नाहीत, म्हणून रिडीमचं बटण दाबण्याआधी विचारा, नंतर नाही. आणि "तुमचे ९,८५० रुपयांचे पॉइंट आज बाद होणार" असा मेसेज लिंकसकट आला तर ती लिंक उघडू नका, कुठलंही ॲप डाउनलोड करू नका. पॉइंट बघायचे तर बँकेच्या ॲपमध्येच बघा.

कॅटलॉगातल्या वस्तूचा नागपुरातला भाव आम्ही फुकट सांगतो, आमच्याकडून घ्या न घ्या. फक्त पूर्ण मॉडेल नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट आणा. नुसता फोटो आणला तर तीन भांड्यांचा की चार, ५०० वॅटचा की ७५०, हे कळत नाही आणि भाव हजाराने चुकतो. कार्ड नंबर, ओटीपी, पासवर्ड आम्हाला दाखवू नका, लागत नाहीत. शनिवारी संध्याकाळी गर्दी असते, तेव्हा हा हिशेब करून मागू नये. एप्रिल-मेमध्ये मिस्त्री कूलरच्या कामावर बाहेर असतात, त्या दिवसांत मिक्सर दुरुस्तीला तीन-चार दिवस जास्त धरा.