बोटावर ९८, रक्तात ७१

समजा, मध्यरात्री एका बंद खोलीत फोमच्या गादीने पेट घेतला. खोलीतला पंचेचाळीस वर्षांचा माणूस दहाएक मिनिटं धुरात अडकला आणि मग त्याला कुणीतरी बाहेर ओढून काढलं. अंगावर भाजल्याची जखम जवळजवळ नाही. नाकाखाली काजळी, नाकातले केस करपलेले, आवाज किंचित घोगरा. तो शुद्धीवर आहे, स्वतःचं नाव सांगतो, डोकं दुखतंय म्हणतो. बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर ९८ टक्के दाखवतो. ‘मी ठीक आहे, घरी जातो’ असं तो म्हणाला तर बघणाऱ्यालाही ते पटेल. पण धुराच्या माराचं बरंचसं नुकसान यानंतर उघड होतं आणि प्रत्येक नुकसानाची वेळ वेगळी असते.

आधी त्या ९८ कडे बघू. ऑक्सिमीटर बोटातून दोन रंगांचा प्रकाश सोडतो, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन घेतलेलं आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्यावरून यंत्र टक्केवारी काढतं. म्हणजे रक्तात हिमोग्लोबिनचे दोनच प्रकार आहेत असं ते धरून चालतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड तिसरा प्रकार तयार करतो. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि अशा हिमोग्लोबिनचा रंग लाल प्रकाशात ऑक्सिजनवाल्या हिमोग्लोबिनसारखाच दिसतो. यंत्र दोघांनाही एकाच खात्यात जमा करतं.

खरा आकडा हवा असेल तर रक्ताचा नमुना को-ऑक्सिमीटरवर तपासावा लागतो. हे यंत्र अनेक तरंगलांबींचा प्रकाश वापरून प्रत्येक प्रकार वेगळा मोजतं. आपल्या माणसाचा नमुना अर्धा तास ऑक्सिजन दिल्यावर घेतला आणि त्यात कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं हिमोग्लोबिन २८ टक्के निघालं, असं धरू. मग ऑक्सिजन वाहणारं उरलं जेमतेम ७१ टक्के. वर, हे उरलेलं हिमोग्लोबिनही आपला ऑक्सिजन पेशींजवळ सहजी सोडत नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडच्या संगतीत त्याची पकड घट्ट होते. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब मोजणारी नेहमीची तपासणीही इथे गाफील ठेवते, कारण ती रक्तात विरघळलेला ऑक्सिजन मोजते, हिमोग्लोबिनवर बसलेला नाही.

२८ टक्के हा आकडासुद्धा जसाच्या तसा घ्यायचा नसतो. साध्या हवेत श्वास घेतला तर रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार ते पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण सव्वा तास. अर्धा तास ऑक्सिजन मिळाल्यानंतर २८ असेल, तर बाहेर काढलं तेव्हा तो ३७ च्या आसपास असणार. पुढचा हिशोबही याच मापाने होतो. २८ चे १४, १४ चे ७, ७ चे साडेतीन: मास्क नीट बसला असेल तर चार तासांच्या आत काम होतं, साध्या हवेत त्यालाच बारा ते पंधरा तास. म्हणून बंद जागेतल्या आगीतून आलेल्या प्रत्येकाला, ऑक्सिमीटर काहीही सांगो, पिशवी असलेल्या मास्कने मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन लगेच सुरू करतात. तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबत नाहीत.

आता गादीकडे वळू. पॉलीयुरेथेन फोम, नायलॉन, ॲक्रिलिक, तसंच लोकर आणि रेशीम यांत नायट्रोजन असतो. हवा अपुरी असताना ते जळले की हायड्रोजन सायनाइड सुटतो. कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनची वाहतूक अडवतो, तर सायनाइड थेट पेशीच्या आत, मायटोकॉन्ड्रियात, ऑक्सिजन वापरणारं शेवटचं एन्झाइम बंद पाडतो. दारापर्यंत माल पोहोचला तरी घरात घेणारं कुणी नाही, अशी अवस्था. पेशी मग ऑक्सिजनविना ऊर्जा काढू पाहतात आणि रक्तात लॅक्टेट साचतं. सायनाइडचं मोजमाप तातडीने करता येत नाही, म्हणून डॉक्टर लॅक्टेटवरून अंदाज बांधतात. धुरात सापडलेल्या, पण मोठं भाजलेलं नाही अशा माणसाचं लॅक्टेट लिटरला १० मिलिमोल किंवा त्याहून जास्त असेल तर सायनाइडचा संशय पक्का धरतात. गुंगी किंवा उतरलेला रक्तदाब सोबत असेल तर निकालासाठीही थांबत नाहीत.

यावरचा उतारा म्हणजे हायड्रॉक्सोकोबालामिन, प्रौढाला ५ ग्रॅम, शिरेतून साधारण १५ मिनिटांत. त्यातला कोबाल्ट सायनाइडला धरून ठेवतो आणि तयार होतं सायनोकोबालामिन, म्हणजे गोळ्यांत मिळणारं ब-१२ जीवनसत्त्वच. औषध गडद लाल असतं, त्यामुळे त्वचा आणि लघवी काही दिवस लाल दिसते. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, पण हाच रंग को-ऑक्सिमीटरसह रंगावर आधारलेल्या अनेक तपासण्या बिघडवतो. म्हणून शक्य असेल तर रक्ताचा नमुना औषधाच्या आधी काढून ठेवतात. सायनाइडवरचा जुना उपाय, नायट्राइट, इथे टाळतात. तो मुद्दाम हिमोग्लोबिनचा काही भाग बदलून सायनाइडला गळ टाकतो, आणि २८ टक्के हिमोग्लोबिन आधीच निकामी असलेल्या माणसाला हा सौदा परवडत नाही.

इथवर सगळं मिनिटांचं काम होतं. घोगऱ्या आवाजाची गोष्ट तासांची आहे.

गरम हवेने फुप्फुसं भाजतात अशी सर्वसाधारण समजूत आहे. कोरड्या हवेच्या बाबतीत ती बहुधा चुकीची ठरते. १९४५ साली मॉरिट्झ आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की अतिशय गरम कोरडी हवाही श्वासनलिकेच्या दुभाजनापर्यंत पोहोचेतो बरीच थंड होते. हवेत उष्णता साठवण्याची कुवत कमी असते, आणि नाक-घशाचं ओलसर अस्तर ती चटकन शोषून घेतं. शिवाय तीव्र उष्णता लागताच स्वरयंत्र प्रतिक्षिप्तपणे आवळतं. वाफेचं मात्र वेगळं. एक किलो वाफेचं पाणी होताना सुमारे २२६० किलोजूल उष्णता बाहेर पडते, म्हणून वाफ खोलवरही भाजू शकते.

पण उष्णता शोषून फुप्फुसं वाचवणारं अस्तर स्वतः भाजतं. घसा, स्वरयंत्राचं झाकण आणि स्वरतंतूंच्या वरची सैल त्वचा फुगू लागते. सूज पहिल्या तासाला डोळ्यांत भरण्याइतकी नसते. ती २४ तासांपर्यंत वाढत जाऊ शकते आणि ओसरायला तीन ते पाच दिवस घेते. अंगही भाजलं असेल तर शिरेतून भरपूर द्रव द्यावाच लागतो, आणि त्याने ही सूज आणखी वाढते.

एक मिलिमीटर सूज म्हणजे किती, हे नळीच्या रुंदीवर ठरतं. हवा संथ वाहत असताना नळीचा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. प्रौढाची ८ मिलिमीटरची वाट चहूबाजूंनी एक मिलिमीटर सुजून ६ झाली, तर श्वास ओढायला साधारण तिप्पट जोर लागतो. लहान मुलाची ४ ची वाट तेवढ्याच सुजेने २ होते आणि विरोध सोळा पट होतो. रडणाऱ्या मुलात हवा खळाळत वाहते, तेव्हा परिस्थिती याहूनही वाईट असते.

आपल्या माणसाचा आवाज तिसऱ्या तासाला बसत चालला आहे, तो थुंकी गिळायला कचरतो आहे. आत दुर्बिणीने पाहिलं तर अस्तर लाल, सुजलेलं, काजळीचे थर. अशा वेळी भूलतज्ज्ञ श्वासनलिकेत नळी लगेच घालतात. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येईपर्यंत थांबलं तर वाट अर्ध्याहून जास्त बुजलेली असते, नळी घालताना स्वरतंतू दिसतच नाहीत, आणि मग गळ्यातून छेद देण्याची पाळी येते. उलट, नुसती तोंडावर काजळी दिसली म्हणून प्रत्येकाला नळी घालणंही बरोबर नाही. नळीचे स्वतःचे धोके आहेत. आवाजातला बदल, गिळताना त्रास, आत दिसणारी सूज हे जास्त भरवशाचे पुरावे. नळी शक्यतो ८ मिलिमीटरची निवडतात. एवढी रुंद का, ते दुसऱ्या दिवशी कळतं.

काजळी म्हणजे नुसता काळा कार्बन नाही. तिच्या बारीक कणांवर ॲक्रोलिनसारखे दाहक पदार्थ आणि आम्लं चिकटून येतात. पीव्हीसी जळलं असेल तर हायड्रोजन क्लोराइडही. पाण्यात पटकन विरघळणारे वायू वरच अडकतात आणि डोळे-घसा जाळतात, पण त्यातला काही भाग कणांवर स्वार होऊन खोल लहान श्वासनलिकांपर्यंत जातो. तिथे कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस थांबतात. अस्तराच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गळू लागतात, आणि बाहेर आलेल्या रक्तद्रवातून फायब्रिन, म्हणजे रक्त गोठताना बनणारं धाग्यांचं प्रथिन, तयार होतं. सुटलेल्या पेशी, कफ, काजळी आणि फायब्रिन यांचा मिळून श्वासनलिकेच्या आकाराचा रबरी साचाच बनतो.

हे पहिल्या दोन-तीन दिवसांत घडतं. पहिल्या दिवशीचा छातीचा एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छ असतो, त्यावर विसंबून चालत नाही. साचा अडकला की त्यामागचा फुप्फुसाचा भाग आकसतो. रक्त तिथून वाहत राहतं, पण त्याला ऑक्सिजन मिळत नाही. या वेळी ऑक्सिमीटरचा आकडा खरोखरच उतरतो आणि तो विश्वासार्हही असतो. काळा चिकट कफ यंत्राने ओढून घेतात, दुर्बीण आत घालून साचे काढतात, आणि ती दुर्बीण जायला रुंद नळी हवी. काही ठिकाणी हेपॅरिन आणि ॲसिटिलसिस्टीन आळीपाळीने वाफाऱ्यातून देतात, म्हणजे फायब्रिन कमी गोठेल आणि कफ सैल होईल. त्याच्या फायद्याबद्दल अभ्यासांचं एकमत नाही. संसर्ग नसताना आधीच प्रतिजैविकं किंवा सवयीने स्टेरॉइड दिल्याचा उपयोग दिसलेला नाही. अडकलेल्या कफात न्यूमोनिया मात्र काही दिवसांत सहज धरतो. त्याची वाट पाहत बसायचं नसतं, कफाचा रंग आणि ताप बघत राहायचं.

अशा माणसाला रुग्णवाहिकेत देताना तीन गोष्टी सांगितल्या तर पुढच्या डॉक्टरांचं बरंच काम होतं: खोली बंद होती का, तो आत किती वेळ होता, आणि काय जळत होतं. ऑक्सिजन किती वाजता सुरू झाला, हेही लिहून ठेवावं. त्याशिवाय २८ वरून ३७ चा हिशोब मांडता येत नाही. घरी सोडलेल्या माणसाच्या आवाजाकडे पुढचा दिवसभर कान असू द्यावा. आणि आठवडे उलटल्यावर तो नावं विसरू लागला, चालताना अडखळू लागला किंवा स्वभावाने बदलला, तर तो धूर डॉक्टरांना पुन्हा सांगावा. कार्बन मोनॉक्साइडचा मेंदूवरचा हा परिणाम माणूस पूर्ण बरा वाटू लागल्यानंतरही उमटू शकतो.